उचलीचा अर्ज, हप्त्यांसकट

मे महिना अर्धा सरत आला की लहान कारखान्यांच्या कचेरीत उचलीचे अर्ज येऊ लागतात. शाळेची फी, पावसाआधीची घरदुरुस्ती, बी-बियाणं, लग्नसराईतली राहिलेली देणी, सगळं एकाच पंधरवड्यात दारात उभं राहतं आणि पगार मात्र पुढच्या महिन्याच्या सात तारखेलाच होणार असतो. यातले बहुतेक अर्ज चार ओळींचे असतात. ‘घरगुती अडचणीमुळे पैशांची अत्यंत गरज आहे, तरी मला ५०,००० रुपये उचल मिळावी ही नम्र विनंती.’ खाली सही, तारीख.

या अर्जात गरज आहे आणि आकडाही आहे. पण ज्याला होकार द्यायचा आहे त्याला हवं असलेलं उत्तर त्यात कुठेच नाही. हे पैसे कोणत्या महिन्यात, किती आणि कशातून परत येणार? ते लिहिलेलं नसलं की मालक आपल्या अंदाजाने ठरवतो. पन्नास मागितले तर वीस देतो आणि ‘दर महिन्याला पाच कापा’ असं हिशेबनिसाला तोंडी सांगून मोकळा होतो. पुढचे चार महिने त्या कामगाराच्या घरात पाच हजारांचा खड्डा पडतो आणि तो भरायला बाहेरून हातउसने येतात. परतफेडीचं वेळापत्रक अर्जदाराने स्वतः मांडायचं असतं ते मुख्यतः यासाठी. मालकाला त्याने भरवसा वाटतो हे खरंच, पण आपल्या घरखर्चाला परवडणारा हप्ता फक्त आपल्यालाच ठाऊक असतो.

एक उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ. समजा, नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये एक सीएनसी ऑपरेटर आठ वर्षं काम करतो आहे. वर्कशॉपमध्ये चाळीसेक माणसं आहेत. त्याचं आईवडिलांचं घर दिंडोरी तालुक्यात. घरावरची कौलं जुनी, वासे कुजलेले. गेल्या पावसाळ्यात एक पाखं खचलं होतं आणि ताडपत्रीवर निभावलं. यंदा लोखंडी सांगाडा करून पत्रे टाकायचे ठरले आहेत. गावाजवळच्या फॅब्रिकेटरने साधारण पाचशे चौरस फुटांचं अंदाजपत्रक दिलं आहे ६२,००० रुपयांचं, पाइप, पत्रे, मजुरी आणि वाहतूक धरून. तो निम्मे पैसे आधी मागतो आणि बाकीचे पत्रे चढले की. मृग लागतं जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे काम मेअखेर व्हायलाच हवं.

आता किती मागायचे? ‘साठ मागू, चाळीस तरी मिळतील’ ही सर्वांत रुळलेली आणि माझ्या मते सर्वांत नुकसानीची पद्धत आहे. मागणी फुगवलेली असते हे देणाऱ्याला कळतं, मग तो कापतो. पुढच्या वेळी खरा आकडा मागितला तरी तो कापलाच जातो. त्यापेक्षा उलटीकडून सुरुवात करावी. एकूण खर्च ६२,०००. स्वतःच्या बचतीतले १४,००० काढता येतात. गावी राहणारा भाऊ १२,००० घालणार आहे. उरले ३६,०००. तेवढेच मागायचे आणि ही वजाबाकी अर्जात लिहायची. बासष्टपैकी सव्वीस हजार माणसाने स्वतः उभे केले आहेत हे दिसलं की अर्जाचं वजन बदलतं. शिवाय छत्तीस हा आकडा कुठून आला ते अंदाजपत्रकाच्या प्रतीवरून ताडून पाहता येतं.

हेतू किती उघड करावा, हा नाजूक प्रश्न आहे. आजारपण, घरातलं भांडण, मुलीच्या लग्नाची बोलणी, या गोष्टी कचेरीच्या टेबलावर पसराव्यात असं कुणालाच वाटत नाही आणि तसं करण्याची गरजही नसते. हेतूने दोनच गोष्टी सांगायच्या असतात: खर्च कशावर आहे आणि तो कधीपर्यंत व्हायला हवा. ‘आईची शस्त्रक्रिया, २० तारखेला दाखल करायचं आहे, रुग्णालयाचं अंदाजपत्रक सोबत’ एवढं पुरतं. आजाराचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. उलट ‘अत्यंत गरज’, ‘नाइलाज’, ‘उपकार होतील’ अशा शब्दांनी पानभर भरलं तरी यातली एकही गोष्ट कळत नाही. कामगाराने याचना करावी असा हा प्रसंग नव्हे. आपल्याच पुढच्या कमाईतला काही भाग आधी मिळावा एवढीच ही मागणी आहे.

सरकारी नोकरीत तर काही वेळा हेतू सांगावाही लागत नाही. महाराष्ट्र शासनाच्या पात्र कर्मचाऱ्यांना मिळणारं सण अग्रिम १२,५०० रुपयांचं असतं. ते बिनव्याजी मिळतं आणि दहा हप्त्यांत, म्हणजे महिना १,२५० रुपयांप्रमाणे, पगारातून वळतं होतं. कुणाच्या मर्जीचा प्रश्न तिथे येत नाही, कारण रक्कम आणि हप्ते आधीच ठरलेले आहेत. खासगी वर्कशॉपमध्ये असा नियम नसतो. तिथे प्रत्येक अर्जाला आपल्यापुरता नियम स्वतःच मांडावा लागतो.

आता मुख्य भाग, हप्ता. आपल्या ऑपरेटरचा एकूण पगार २७,००० आहे. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,०००, बाकी घरभाडं आणि इतर भत्ते. अठरा हजारांवर बारा टक्के भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे २,१६० रुपये कापले जातात. व्यवसाय कर २००. कामगारांच्या पतसंस्थेतून घेतलेल्या जुन्या कर्जाचा हप्ता २,५००, तोही पगारातूनच जातो. ४,८६० रुपये वजा होऊन खात्यात पडतात २२,१४०. परतफेडीचा विचार या आकड्यापासून सुरू होतो. सत्तावीस हजार मनात धरून हप्ता कबूल करणारा माणूस तिसऱ्या महिन्यात अडचणीत येतो.

कायद्याने पगारातून किती कापता येतं? आधी हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं. आता २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यानुसार मालकाने दिलेली आगाऊ रक्कम पगारातून वसूल करता येते, पण एका पगारातली सगळी वजावट मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये. भविष्यनिर्वाह निधी आणि पतसंस्थेचा हप्ताही या निम्म्यातच येतो. ढोबळमानाने आपल्या उदाहरणात ही मर्यादा १३,५०० होते. त्यातले ४,८६० आधीच जातात. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने महिन्याला ८,६४० पर्यंतचा हप्ता बसू शकतो.

पण घराच्या हिशेबाने तो बसत नाही. या माणसाच्या खोलीचं भाडं ५,५००. किराणा, दूध आणि गॅस ८,०००. मुलांची शाळा आणि व्हॅन २,८००. वीज आणि मोबाइल १,४००. मोटरसायकलचं पेट्रोल १,२००. बेरीज १८,९००. बावीस हजार एकशे चाळिसातून ते गेले की उरतात ३,२४०. त्यातूनच औषधपाणी, पाहुणे, एखादं पंक्चर. साडेआठ हजार कापण्याची मुभा कायदा देतो म्हणून तेवढे कापून घेतले तर हे घर पहिल्याच महिन्यात पाच हजारांनी उघडं पडेल. कायद्याची मर्यादा हे एक शेवटचं कुंपण आहे. हप्ता ठरवायचा तो या ३,२४० च्या आत. त्यातलेही सगळे धरायचे नाहीत. दोन हजार कापले तर १,२४० हाताशी राहतात. हे जमण्यासारखं आहे.

छत्तीस हजारांना महिना दोन हजार म्हणजे अठरा हप्ते, दीड वर्ष. इथे मालक कुरकुरतो आणि त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. चाळीस माणसांच्या वर्कशॉपकडे फार मोठी गंगाजळी नसते. मोठ्या कंपन्यांना पुरवलेल्या मालाचे पैसे दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येतात. सात तारखेपर्यंत पगार द्यायचा, पंधरा तारखेपर्यंत भविष्यनिर्वाह निधी भरायचा, वीस तारखेच्या सुमारास जीएसटी. शिवाय हिशेबनिसाला अशी येणी मार्चअखेर मिटलेली हवी असतात, पुढच्या वर्षाच्या खात्यात ओढायला नको. म्हणून बरेच ठिकाणी ‘याच आर्थिक वर्षात फिटली पाहिजे’ असा अलिखित दंडक असतो. जुलैचा पगार धरला तर मार्चपर्यंत नऊ हप्ते होतात. दोन हजारांनी अठरा हजार. उरलेले अठरा कुठून आणायचे?

इथे समान हप्त्यांचा आग्रह सोडायचा. पगारदाराच्या वर्षात काही महिने जड असतात, काही हलके. जूनमध्ये वह्या, पुस्तकं, गणवेश, दप्तर, रेनकोट यांत तीन-चार हजार सहज जातात, म्हणून जूनच्या पगारातून हप्ता नकोच. पहिला हप्ता जुलैच्या पगारातून, म्हणजे ऑगस्टच्या सात तारखेला. दिवाळीला बोनस मिळतो. गेल्या वर्षी १७,००० मिळाला होता. पतसंस्थेचं जुनं कर्ज डिसेंबरच्या हप्त्याने फिटतं, त्यामुळे जानेवारीपासून महिन्याला २,५०० रुपये मोकळे होतात. हे तिन्ही धागे एकत्र विणले की वेळापत्रक तयार होतं. जुलै ते डिसेंबर सहा हप्ते दोन हजारांचे, म्हणजे १२,०००. बोनसमधून १२,०००. जानेवारी ते मार्च तीन हप्ते चार हजारांचे, म्हणजे आणखी १२,०००. मार्चच्या पगाराबरोबर छत्तीस हजार पूर्ण.

शेवटचे तीन हप्ते मोठे दिसतात, पण तपासून पाहू. जानेवारीत पतसंस्थेचे अडीच हजार वाचल्यावर हातात येतात २४,६४०. घरखर्च १८,९०० आणि हप्ता ४,००० गेला की उरतात १,७४०, म्हणजे आधीच्या महिन्यांपेक्षा थोडे जास्तच. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापला जातो, तेवढा शंभराचा फरक पडेल. दिवाळीला बोनसमधले पाच हजार उरतात. कपडे, फराळ आणि गावाकडची भाऊबीज त्यात ओढूनताणून बसते. पूर्ण बोनस देऊन टाकायची कबुली मात्र देऊ नये. सणाला रिकाम्या हाताने घरी गेलेला माणूस नोव्हेंबरात पुन्हा उचल मागतो आणि वेळापत्रक तिथेच मोडतं.

बोनसबाबत आणखी एक बारकावा आहे. कायद्याच्या व्याख्येत बोनस पगारात धरला जात नाही, त्यामुळे पगारातून हप्ता कापण्याची मुभा त्याला जशीच्या तशी लावू नये. म्हणून अर्जात ‘बोनसमधून कापून घ्यावे’ असं लिहिण्याऐवजी ‘बोनस जमा झाल्यावर आठ दिवसांत मी १२,००० रुपये कंपनीच्या खात्यावर स्वतः भरेन’ असं लिहावं. दोघांसाठीही ते स्वच्छ राहतं.

हे सगळं जमवल्यावर अर्ज असा होतो:

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(कंपनीचे नाव), अंबड, नाशिक

दिनांक: १० मे

विषय: पगारावर ३६,००० रुपये आगाऊ उचल मिळणेबाबत.

महोदय,

मी आपल्या कंपनीत मशिन शॉप विभागात गेली आठ वर्षे सीएनसी ऑपरेटर म्हणून काम करतो. माझा कर्मचारी क्रमांक (…) आहे.

दिंडोरी तालुक्यातील आमच्या राहत्या घराचे छप्पर मोडकळीस आले असून पावसाळ्यापूर्वी ते बदलणे आवश्यक आहे. या कामाचा खर्च ६२,००० रुपये आहे. अंदाजपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. त्यापैकी २६,००० रुपयांची सोय मी व माझ्या भावाने केली असून ते कामाच्या सुरुवातीला देत आहोत. उरलेले ३६,००० रुपये काम सुरू असताना व पत्रे बसल्यावर द्यायचे आहेत. ही रक्कम २५ मेपर्यंत मिळाल्यास काम वेळेत पूर्ण होईल.

परतफेड मी पुढीलप्रमाणे करीन:
जुलै ते डिसेंबर, दरमहा पगारातून २,००० रुपये: १२,०००
दिवाळी बोनस जमा झाल्यापासून आठ दिवसांत, मी स्वतः भरणार: १२,०००
जानेवारी ते मार्च, दरमहा पगारातून ४,००० रुपये: १२,०००
एकूण: ३६,०००

वरील मासिक हप्ते माझ्या पगारातून कापून घेण्यास माझी संमती आहे. पतसंस्थेचा माझा हप्ता डिसेंबरमध्ये संपत असल्याने जानेवारीपासून मोठा हप्ता देणे मला शक्य आहे. उचल फिटण्यापूर्वी मी नोकरी सोडल्यास उरलेली रक्कम माझ्या अंतिम हिशेबात येणाऱ्या पगारातून कायद्याच्या मर्यादेत वळती करावी व तरीही काही बाकी राहिल्यास ती मी तीन हप्त्यांत भरीन. सध्या माझ्यावर कंपनीची दुसरी कोणतीही उचल नाही.

रक्कम माझ्या पगाराच्या बँक खात्यावर जमा करावी व मंजुरीची एक प्रत मला द्यावी, ही विनंती.

आपला,
(सही, नाव)

सोबत: अंदाजपत्रकाची प्रत

दीड पानाच्या आत हे बसतं. फॅब्रिकेटरने निम्मे मागितले होते, म्हणजे ३१,०००, आणि हाताशी २६,००० आहेत. बयाण्याच्या त्या पाच हजारांसाठी त्याच्याशी आधीच बोलून ठेवायला हवं, नाहीतर वेळापत्रक कितीही नेटकं असलं तरी पाइप दुकानातच राहतील. अर्जाची तारीखही मुद्दाम दहा मे ठेवली आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कचेरीची सगळी रोकड पगारात गुंतलेली असते. तेव्हा अर्ज टेबलावर पडला की त्यावर ‘नंतर बघू’ लिहिलं जातं. दहाला दिला आणि पंचवीसपर्यंत मुदत दिली की मालकाला येणी बघून ठरवायला पंधरा दिवस मिळतात.

नोकरी सोडण्याबद्दलचं वाक्य लिहायला अनेकांना जड जातं. जणू आपण जायच्या विचारात आहोत असं सुचवतो, असं वाटतं. पण देणाऱ्याच्या मनातली पहिली शंका तीच असते. ती अर्जदाराने आधीच बोलून दाखवली की तिचा काटा निघून जातो. त्यातला ‘अंतिम हिशेबात येणाऱ्या पगारातून’ हा शब्दप्रयोगही जाणूनबुजून आहे. भविष्यनिर्वाह निधीवर मालकाचा हात पोचत नाही, तो कायद्याने सुरक्षित आहे. ग्रॅच्युइटीही उचलीच्या वसुलीसाठी अडवून ठेवायची नसते. ‘माझ्या सर्व येण्यांतून वसूल करावे’ असं सरसकट लिहून दिलं की नको त्या वादाला तोंड फुटतं.

मालक कधी कधी तारण मागतो. इथे सावध राहावं. सही केलेला कोरा चेक, कोऱ्या मुद्रांकावर सही, शाळा सोडल्याचा मूळ दाखला किंवा मूळ आधार कार्ड, यातलं काहीही देऊ नये. पगारच आपल्या हातून जात असताना त्याच्यावरच्या उचलीला वेगळं तारण लागत नाही. फार तर वेळापत्रकावर दोघांच्या सह्या आणि पैसे मिळाल्याची पावती, एवढंच योग्य. रक्कम बँकेतूनच घ्यावी. वीस हजार किंवा त्याहून मोठं कर्ज रोखीने घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि रोख व्हाउचरवर घेतलेल्या पैशांचा पुरावा पुढे एकाच बाजूच्या कपाटात राहतो. आपल्या कामगाराचं उत्पन्न करपात्र नाही, म्हणून बिनव्याजी उचलीवरच्या कराचा प्रश्न त्याला येत नाही. पण ज्यांचा पगार मोठा आहे त्यांनी हिशेबनिसाला एकदा विचारून घ्यावं की ही नोंद उचल म्हणून होते आहे की आगाऊ दिलेला पगार म्हणून. आगाऊ पगार ज्या वर्षी हातात येतो त्या वर्षीच्या उत्पन्नात धरला जातो. परत करायच्या उचलीचं तसं नसतं.

वेळापत्रक नसलेली उचल माणसाला कुठवर नेऊ शकते, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारं जोडपं, ज्याला त्या धंद्यात एक ‘कोयता’ म्हणतात, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतं. ती फेडायची असते टनांमध्ये. किती टन तोडले, वजन काय भरलं, किती दिवसांचा खाडा पडला आणि त्याचे किती कापले, हा सगळा हिशेब बहुतेक वेळा मुकादमाच्या वहीत असतो. बाई बाळंत झाली, माणूस तापाने पडला, पाऊस लांबला की खाडे वाढतात. हंगाम संपतो आणि बाकी तशीच राहते, मग पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावंच लागतं. कर्जापोटी माणसाला कामावर अडकवून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. अंबडच्या वर्कशॉपमधली उचल आणि फडातली उचल यांच्यात फार मोठं अंतर आहे, हे मान्य. तरी ते अंतर ज्या गोष्टींनी टिकतं त्या साध्याच आहेत: रक्कम लिहिलेली असणं, हप्ता पैशांत ठरलेला असणं, बाकी दोघांनाही दिसत असणं आणि बाकी असतानाही माणसाला नोकरी सोडता येणं. ‘उचल फिटेपर्यंत राजीनामा देणार नाही’ असं लिहून द्यायला कुणी सांगितलं तर नकार द्यावा. बाकी पैशांनी फेडायची असते, माणसाला बांधून नव्हे.

मंजुरी मिळाली की काम संपत नाही. जुलैच्या पगाराची चिठ्ठी हातात आली की तिच्यात उचलीची वजावट वेगळ्या ओळीत दिसते का ते पाहावं. काही ठिकाणी ती ‘इतर वजावट’ या खान्यात घुसडली जाते आणि तिथेच कँटीन, गणवेश, उशिराचा दंड सगळं एकत्र होतं. मग सहा महिन्यांनी किती फिटले हे कुणालाच सांगता येत नाही. वजावटीशेजारी शिल्लक बाकी छापून येत असेल तर उत्तम. येत नसेल तर आपण एका छोट्या वहीत तारीख, हप्ता आणि उरलेली बाकी लिहीत जावं: ३४,०००, ३२,०००, ३०,००० अशी. दिवाळीचे बारा हजार भरल्यावर पावती घ्यावी, कारण ते पगारातून जात नसल्याने चिठ्ठीत त्यांची नोंद होणार नाही. डिसेंबरच्या पगारातला हप्ता कापला गेल्यावर बाकी बरोबर बारा हजार यायला हवी. त्या दिवशी हिशेबनिसाकडे जाऊन आकडा जुळवून घेतला तर चूक असलीच तर तीन हप्ते हातात असताना सापडते.

मधेच गडबड होते ती बहुतेक वेळा बिनपगारी रजेने. समजा सप्टेंबरमध्ये आठ दिवस गावी राहावं लागलं. पगार सातेक हजारांनी खाली येतो, पण हप्ता मात्र दोन हजारांचाच कापला जातो. अशा वेळी पगार झाल्यावर तक्रार करून उपयोग नसतो, तोवर कागद बँकेत गेलेले असतात. महिना संपायच्या आधी एक ओळीची चिठ्ठी द्यावी: ‘या महिन्याचा हप्ता कृपया घेऊ नये, तो मी फेब्रुवारीत भरीन.’ एखादा हप्ता पुढे ढकलायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. न सांगता ओढाताण सोसून, मग ऑक्टोबरात नव्या उचलीचा अर्ज घेऊन गेलात तर मात्र नकार जवळपास ठरलेला असतो. पहिली उचल चालू असताना मागितलेली दुसरी उचल मालकाला एवढंच सांगते की पहिलीचं गणित चुकलं होतं.

आणि समजा छत्तीसऐवजी पंचवीसच मंजूर झाले, तर? रक्कम कमी झाली म्हणून आधीचं वेळापत्रक तसंच ठेवून सही करू नये. पंचवीस हजारांना जुलै ते डिसेंबर दोन हजारांप्रमाणे बारा, बोनसमधून सात आणि जानेवारी ते मार्च दोन हजारांप्रमाणे सहा, असे पंचवीस होतात. बोनसमधले दहा हजार घरात राहतात. कमी पडलेल्या अकरा हजारांसाठी फॅब्रिकेटरशी बोलता येतं. पत्रे चढल्यावर द्यायच्या रकमेतले थोडे गणपतीपर्यंत थांबशील का, असं त्याला विचारावं. सुधारलेलं वेळापत्रक नव्या कागदावर लिहून, जुना अर्ज परत घेऊन, नव्यावर दोघांच्या सह्या कराव्यात. मार्चचा हप्ता कापला गेला की एप्रिलच्या सात तारखेनंतर ‘कर्मचाऱ्याकडे उचलीची कोणतीही बाकी नाही’ अशी तारखेसह चिठ्ठी मागून घ्यावी आणि ती मंजुरीच्या प्रतीसोबत एकत्र ठेवावी.